एका पुरवठादाराला एकच कार्ड: व्हर्च्युअल कार्डाने कंपनीचा खर्च कसा आवरतो?

नमस्कार. कंपनीचे एकच कार्ड असते, त्याचा क्रमांक दहा जणांकडे असतो आणि वीस संकेतस्थळांवर तो साठवलेला असतो. महिन्याअखेरीस विवरणपत्र आले की लेखा विभागातील माणूस एकेका ओळीसमोर बसून विचारत राहतो, की ही रक्कम कोणी खर्च केली, कशासाठी केली आणि त्याला परवानगी कोणाची होती. तोवर पैसे गेलेले असतात. व्हर्च्युअल कार्डामुळे हा प्रश्न पैसे जाण्याआधी विचारता येतो आणि आज मला नेमके तेवढेच, पण नीट समजावून सांगायचे आहे.

व्हर्च्युअल कार्ड म्हणजे प्लास्टिक नसलेले कार्ड. त्याला स्वतःचा क्रमांक, मुदत आणि सुरक्षा कोड असतो. मागे मात्र कंपनीचे एकच खाते किंवा एकच पतमर्यादा असते. असे क्रमांक हवे तितके काढता येतात आणि प्रत्येकाला वेगळे नियम लावता येतात. कर्मचाऱ्याच्या नावाने कार्ड काढले, तर खर्च कोणी केला हे कळते. पुरवठादाराच्या नावाने काढले, तर खर्च कशासाठी झाला हे कळते. माझ्या मते नियमित वर्गणी असलेल्या सेवांसाठी दुसरा प्रकार अधिक उपयोगी आहे, कारण कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी सेवेचे पैसे चालूच राहतात.

आता एक उदाहरण घेऊ. चलन कोणतेही धरा. बारा जणांचा एक विभाग आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर वापरतो. दरमहा दरडोई 20, म्हणजे एकूण 240 आकारले जातात. आपण या पुरवठादारासाठी स्वतंत्र कार्ड काढतो, महिन्याची मर्यादा 250 ठेवतो आणि हे कार्ड अन्य कोणत्याही व्यापाऱ्याकडे चालणार नाही असा नियम लावतो.

[पडद्यावर: मर्यादा 250, आकारणी 240, शिल्लक 10]

महिन्याच्या मध्यावर विभागातील कोणीतरी आणखी तिघांना सॉफ्टवेअरमध्ये जोडतो. पुरवठादार उरलेल्या अर्ध्या महिन्याचे 30 लगेच आकारायला जातो. त्याची मागणी आधी कार्ड देणाऱ्या संस्थेकडे मंजुरीसाठी येते. या टप्प्याला ऑथरायझेशन म्हणतात आणि आपले सगळे नियम याच टप्प्यावर तपासले जातात. शिल्लक मर्यादा 10 आहे आणि मागणी 30 ची आहे, म्हणून ती नाकारली जाते. नकाराची सूचना कार्डाच्या जबाबदार व्यक्तीकडे जाते आणि त्याच दिवशी प्रश्न उभा राहतो, की हे तिघे खरोखर हवे आहेत का. हवे असतील तर मर्यादा 310 करायची, नको असतील तर त्यांना काढायचे. सामायिक कार्डावर हाच खर्च दरमहा 60 ने वाढला असता आणि 240 च्या जागी 300 झालेली एक ओळ कोणाच्या डोळ्यांत भरली असती, असे मला वाटत नाही.

म्हणून मर्यादा किती ठेवायची, हा निर्णय फार विचाराने घ्यावा लागतो. ती 1000 ठेवली असती तर कार्ड वेगळे असूनही नियंत्रण शून्य राहिले असते. ती बरोबर 240 ठेवली असती, तर करातील बदलाने किंवा परकीय चलनाच्या दरातील चढउताराने रास्त आकारणीही अडली असती आणि ऐन कामाच्या दिवशी सेवा बंद पडण्याची वेळ आली असती. पुरवठादाराचे बिल परकीय चलनात असेल, तर थोडी अधिक मोकळीक ठेवणे शहाणपणाचे.

यापेक्षाही चकवणारी गोष्ट म्हणजे महिन्याची व्याख्या. तुमची मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे पहिल्या तारखेला नव्याने सुरू होत असेल आणि पुरवठादार दर 30 दिवसांनी पैसे घेत असेल, तर एकतीस दिवसांच्या महिन्यात एक आकारणी 1 तारखेला आणि दुसरी 31 तारखेला येईल. दुसरी नाकारली जाईल, आणि कोणीही काही चुकीचे केलेले नसेल. नकाराचे कारण शोधताना आधी रक्कम नव्हे, तर मागच्या आकारणीची तारीख पाहा.

एकदाच वापरायच्या कार्डाबाबतही अशीच एक अडचण येते. अनेक पुरवठादार कार्ड साठवताना ते चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी शून्य किंवा अगदी किरकोळ रकमेची मंजुरी मागतात. काही प्रणालींमध्ये ही चाचणीच पहिला वापर म्हणून मोजली जाते, कार्ड संपते आणि खरी रक्कम नाकारली जाते. त्याचप्रमाणे एकाच मागणीचा माल दोन खेपांत पाठवून दोनदा पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे असे कार्ड वापरू नये. तिथे एकूण रकमेची मर्यादा आणि जवळची मुदत असलेले कार्ड योग्य ठरते.

आता कर्मचाऱ्यांच्या कार्डांकडे येऊ. प्रवासाच्या कार्डावर सहसा व्यापाऱ्याच्या प्रकाराचे बंधन घालतात. प्रत्येक व्यापाऱ्याला चार अंकी वर्ग क्रमांक दिलेला असतो. उदाहरणार्थ, हॉटेलांसाठी 7011 वापरला जातो. मात्र हा क्रमांक व्यापाऱ्याचा असतो, विकत घेतलेल्या वस्तूचा नव्हे. हॉटेलच्या आवारातील दुकानात केलेली खरेदी हॉटेलच्याच वर्गात दिसू शकते, त्यामुळे पावती मागणे थांबवता येत नाही. शिवाय हॉटेल आधी अंदाजे रक्कम अडवून ठेवते आणि अंतिम रक्कम नंतर लावते. ही अंतिम रक्कम कधीकधी मंजूर रकमेपेक्षा अधिक असू शकते आणि मर्यादा मंजुरीच्या वेळीच तपासली गेलेली असल्यामुळे ती ओलांडली गेलेली दिसते. हे पाहून प्रणाली बिघडली असे समजू नका. मंजूर आणि अंतिम रक्कम शेजारी ठेवून फरक कशाचा आहे ते विचारा.

हिशेब जुळवण्याचे काम मात्र खरोखर हलके होते. कार्ड काढतानाच त्यावर विभाग, खर्चाचे खाते आणि खरेदी आदेशाचा क्रमांक नोंदवून ठेवला, तर प्रत्येक व्यवहार ती माहिती सोबत घेऊनच येतो. क्रमांक चोरीला गेला तरी एकच कार्ड बदलावे लागते. बाकीच्या एकोणीस सेवा अखंड चालतात. पण बिलातील दर करारानुसार आहे का, हे कार्डाला कळत नाही. 240 चे चुकीचे बिलही 250 च्या मर्यादेत सहज बसते, म्हणून बिल तपासणारा माणूस लागतोच.

शेवटी सेवा बंद करण्याविषयी. कार्ड बंद केले म्हणजे करार संपला, असा समज मी वारंवार ऐकला आहे आणि तो महागात पडतो. कराराची मुदत शिल्लक असेल तर देणे राहतेच. पुरवठादार केवळ दुसऱ्या मार्गाने वसुली करतो. म्हणून आधी सेवा रद्द केल्याची लेखी पोच घ्यावी, अंतिम बिल चुकते करावे आणि मग कार्डाची मर्यादा शून्यावर आणावी. काही परतावा येणार असेल, तर तो त्याच क्रमांकावर येतो, त्यामुळे तो जमा होईपर्यंत कार्ड नोंदीत ठेवावे आणि त्यानंतरच ते कायमचे रद्द करावे.