पट्टी कापली, पण तिचा स्वतःचा मध्य कुठे आहे?

(सोलापुरात पदविका अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सेंट्रॉइडचं सूत्र तुमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

```
ȳ = ∫ y dA / ∫ dA
```

पाठ असूनही पेपरात उत्तर चुकतं. इंटिग्रेशन येत नाही म्हणून चुकतं असं फारसं होत नाही. सूत्रातला वरचा `y` नक्की कशाचा, हे न ठरवताच पुढचं गणित सुरू होतं, तिथे घोळ होतो. हा `y` म्हणजे पट्टीच्या स्वतःच्या सेंट्रॉइडचं अक्षापासूनचं अंतर. पट्टीच्या टोकाचं नाही, आकृतीच्या कडेचंही नाही. आज एवढ्याच एका गोष्टीवर बोलायचं आहे.

आधी त्रिकोण घेऊ, कारण तो पुढे अर्धवर्तुळात पुन्हा लागणार आहे. पाया `b`, उंची `h`. पायापासून `y` उंचीवर, पायाला समांतर, `dy` जाडीची पट्टी कापा. ही पट्टी सगळीकडे जवळजवळ एकाच उंचीवर आहे, त्यामुळे तिच्या सेंट्रॉइडची उंची सरळ `y`. आडव्या पट्टीचा फायदा हाच, की इथे विचार करावाच लागत नाही. लांबी काढायला पट्टीच्या वर उरलेला छोटा त्रिकोण बघा. तो मोठ्या त्रिकोणाशी समरूप आहे आणि त्याची उंची `h − y`. म्हणून लांबी `b(h − y)/h`.

```
∫ y · b(h − y)/h dy  (0 ते h)  =  bh²/6
ȳ = (bh²/6) / (bh/2) = h/3
```

आता काही जण `y` शिरोबिंदूपासून मोजतात. तेही चालतं. मग लांबी `by/h` होते आणि उत्तर येतं `2h/3`, पण ते शिरोबिंदूपासून. बिघडतं ते दोन्ही पद्धती एकत्र केल्यावर: लांबी `by/h` लिहायची आणि उत्तर पायापासून आहे असं समजायचं. उंची 60 मिमी असेल तर सेंट्रॉइड पायापासून 40 मिमीवर निघतो, म्हणजे निमुळत्या टोकाकडे. माल पायाकडे जास्त आणि तोल टोकाकडे, हे शक्यच नाही. खरं उत्तर 20 मिमी. ही तपासणी करायला पाच सेकंद पुरतात.

त्रिकोण तिरका असला तरी `h/3` बदलत नाही, कारण पट्टीची लांबी फक्त उंचीवर अवलंबून आहे, ती डावीकडे सरकली की उजवीकडे यावर नाही. शिवाय प्रत्येक पट्टीचा मधला बिंदू पायावरच्या मध्यगेवर येतो, म्हणून सेंट्रॉइडही त्या मध्यगेवरच. आर्किमिडीजने इंटिग्रेशनच्या कितीतरी आधी त्रिकोणाचा गुरुत्वमध्य मध्यगेवर असतो हे सिद्ध केलं होतं.

आता अर्धवर्तुळ. त्रिज्या `R`, व्यास खाली `x` अक्षावर, केंद्र आरंभबिंदूवर. डावी-उजवी बाजू सारखी, म्हणून `x̄` शून्य. ते काढत बसू नका, एका ओळीत कारण लिहा आणि पुढे चला. क्षेत्रफळ `πR²/2` माहीत आहे, तेही पुन्हा इंटिग्रेट करायची गरज नाही. काढायचा आहे तो फक्त सूत्रातला वरचा भाग.

आडवी पट्टी घेतली तर `y` उंचीवर तिची लांबी `2√(R² − y²)`.

```
∫ y · 2√(R² − y²) dy  (0 ते R)
```

मूळ बघून घाबरू नका. `u = R² − y²` धरलं की `du = −2y dy`, आणि `2y dy` तर बाहेर तयारच उभा आहे. उत्तर `2R³/3`. त्याला `πR²/2` ने भागलं की

```
ȳ = 4R/3π ≈ 0.424 R
```

इथली ठरलेली चूक म्हणजे लांबीतला 2 विसरणं. मग वर पाव वर्तुळ आणि खाली अर्धं वर्तुळ अशी जोडी जुळते आणि उत्तर नेमकं निम्मं, `0.212R`, येतं. वर पाव घेतलंत तर खालीही पाव घ्या, म्हणजे पुन्हा `0.424R` मिळेल.

एका विद्यार्थिनीने मघाशी विचारलं, "सर, उभी पट्टी घेतली तर?" अवश्य घ्या. माझ्या मते ती जास्त सोपी आहे, पण धोका तिथेच आहे. उभी पट्टी व्यासापासून कंसापर्यंत जाते. रुंदी `dx`, उंची `y = √(R² − x²)`, क्षेत्रफळ `y dx`. तिचा स्वतःचा सेंट्रॉइड कुठे? कंसावर नाही, तिच्या निम्म्या उंचीवर: `y/2`. म्हणून

```
∫ (y/2) · y dx = ½ ∫ (R² − x²) dx  (−R ते R) = 2R³/3
```

मूळच उरलं नाही. आडव्या पट्टीने आलेलाच आकडा आला, आणि यायलाच हवा. `y/2` ऐवजी `y` लिहिलं तर उत्तर दुप्पट होतं, `0.849R`. म्हणजे सेंट्रॉइड जवळजवळ कंसाला टेकला! अर्धवर्तुळ खाली रुंद आणि वर अरुंद असतं, त्यामुळे उत्तर `R/2` पेक्षा कमीच हवं. त्याच्या वर गेलं की समजायचं, पट्टीचा मध्य हुकला.

तिसरी पट्टी मला सगळ्यात आवडते. केंद्रातून निघणारी, कलिंगडाच्या फोडीसारखी निमुळती पट्टी. कोन `dθ` इतका लहान की कंसाचा तुकडा सरळ रेषाच वाटतो. म्हणजे हा एक बारीक त्रिकोण झाला: शिरोबिंदू केंद्रावर, उंची `R`, पाया `R dθ`, क्षेत्रफळ `½R² dθ`. त्रिकोणाचा सेंट्रॉइड शिरोबिंदूपासून `2/3` उंचीवर, हे आत्ताच काढलं. म्हणून फोडीचा सेंट्रॉइड केंद्रापासून `2R/3` वर, आणि अक्षापासून त्याची उंची `(2R/3) sin θ`.

```
∫ (2R/3) sin θ · ½R² dθ  (0 ते π) = (R³/3) · 2 = 2R³/3
```

पुन्हा तेच. इथे घाईत फोडीचा मध्य `R/2` वर धरला तर उत्तर `R/π`, म्हणजे `0.318R` येतं. गंमत अशी की हे उत्तर `R/2` पेक्षा कमीच आहे, त्यामुळे मघाची तपासणी याला पकडत नाही. फोड बाहेरच्या बाजूला रुंद आहे, तिचा तोल बाहेरच सरकणार, हे आकृतीत बघूनच ठरवायला हवं. आणि कोणी फोडीचा मध्य थेट कंसावर, `R` वर धरला, तर `2R/π`, म्हणजे `0.637R` येतं. तो आकडा खरा आहे, पण अर्धवर्तुळात वाकवलेल्या तारेसाठी. पत्र्याचा नाही.

आता हे शेडमध्ये नेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेटच्या माथ्यासाठी अर्धवर्तुळाकार प्लेट कापली आहे असं धरा. त्रिज्या 600 मिमी, जाडी 5 मिमी, वजन साधारण 22 किलो. एकच भोक पाडून हुकाला लटकवायची आहे, कंस वर आणि सपाट कड खाली. भोक कुठे पाडायचं? जाडी सगळीकडे सारखी आहे, त्यामुळे ती वर-खाली कटून जाते आणि गुरुत्वमध्य म्हणजेच सेंट्रॉइड: `4 × 600 / 3π`, साधारण 255 मिमी, सपाट कडेपासून.

इथे एक हुशार वाटणारी चूक होते. कोणी म्हणतं, प्लेट जिथे निम्मी-निम्मी होते तिथे भोक पाडू. अर्धवर्तुळाचं क्षेत्रफळ दोन समान भागांत वाटणारी आडवी रेषा सुमारे `0.404R` वर असते, म्हणजे इथे 242 मिमीवर. आकडा 255 च्या जवळचा वाटतो, पण ती सेंट्रॉइडमधून जाणारी रेषा नाही. क्षेत्रफळ सारखं असलं तरी वरचा भाग लांबवर पसरलेला आहे, आणि मोमेंटमध्ये अंतरही मोजलं जातं. त्रिकोणात हा फरक आणखी उघड दिसतो: सेंट्रॉइडमधून पायाला समांतर रेषा काढली तर वर 4/9 आणि खाली 5/9 क्षेत्रफळ राहतं. आता 242 वर भोक पाडलं की गुरुत्वमध्य भोकाच्या 13 मिमी वर राहतो. प्लेट हुकाला लावून हात सोडला की ती फिरणार आणि कंस खाली लटकणार. 22 किलोची धारदार कड अशी फिरली तर बोटं जातात.

म्हणून भोक 255 च्या वर हवं. पण किती वर? 300 वर पाडलं तर प्लेट सरळ लटकेल, फक्त गुरुत्वमध्य भोकाच्या जेमतेम 45 मिमी खाली आहे. भोक मधल्या रेषेपासून 5 मिमी जरी बाजूला गेलं, तरी प्लेट सहा अंशांहून जास्त तिरकी होईल. तेच भोक 500 वर पाडलं तर खालचं अंतर 245 मिमी होतं आणि त्याच 5 मिमी चुकीने तिरपेपणा एका अंशाच्या थोडा वर राहतो.

अशा प्लेटला खाली बहुतेक वेळा सरळ पट्टाही जोडलेला असतो. समजा तो 1200 बाय 100 मिमीचा आहे. तेव्हा नव्याने इंटिग्रेशन करायचं नाही. अर्धवर्तुळाचा मोमेंट व्यासाच्या रेषेपासून `2R³/3`, म्हणजे 14,40,00,000 घन मिमी. पट्ट्याचं क्षेत्रफळ 1,20,000 चौरस मिमी, आणि त्याचा मध्य त्या रेषेच्या 50 मिमी खाली, म्हणून मोमेंट उणे 60,00,000. बेरीज भागिले एकूण क्षेत्रफळ 6,85,487, उत्तर 201 मिमी, व्यासाच्या रेषेच्या वर. उणे चिन्ह विसरलात तर 219 येईल आणि उत्तर बघून संशयही येणार नाही. भोकाची जागा आखताना मात्र टेप खालच्या कडेला लावला जातो. तिथून सेंट्रॉइड 301 मिमीवर आहे. मघाचं "300 वर भोक" इथे त्या कडेपासून आखलंत, तर ते सेंट्रॉइडच्या एक मिमी खाली पडेल.