दीडशे अँपिअर-तास, पण किती तासांत?

अध्यक्ष महोदया आणि मित्रहो,

आजच्या पत्रिकेवर तीन गोष्टी छापल्या आहेत. ऑनलाइन घेतलेल्या इन्व्हर्टर बॅटरीची क्षमता कशी वाचावी, तिच्या वॉरंटीच्या अटींचा अर्थ काय, आणि बॅटरी घरी आल्यावर ती जोडून कोण देणार. शिवाय सौर दिव्यांविषयीही बोलण्याचे मी मान्य केले आहे. यांपैकी पहिल्या गोष्टीला मी अधिक वेळ देणार आहे, कारण पुढच्या तक्रारींपैकी बऱ्याच तिथेच जन्माला येतात. विद्युत विषय शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, तरी ही बाब मला खऱ्या अर्थाने उमगली ती धाकट्या भावाच्या एका फोनमुळे.

त्याने ऑनलाइन १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी मागवली होती. आपण रोजच्या बोलण्यात तिला 'दीडशे एएच'ची बॅटरी म्हणतो. घेण्यापूर्वी त्याने व्यवस्थित हिशेब केला होता. चार पंखे प्रत्येकी ७० वॅटचे, पाच एलईडी दिवे प्रत्येकी ९ वॅटचे, ६० वॅटचा टीव्ही आणि १५ वॅटचा राउटर, म्हणजे एकूण ४०० वॅट. बॅटरीत १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तास. भागाकार केला की साडेचार तास येतात. वीज गेली तेव्हा मात्र दोन तास होण्याच्या आतच इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि घर काळोखात बुडाले. त्याचा फोन आला, "दादा, बॅटरी खराब आली आहे." विक्रेत्याच्या तक्रार कक्षाने तंत्रज्ञ पाठवला, त्याने तपासणी करून 'बॅटरी निर्दोष' असा शेरा लिहिला आणि तक्रार बंद झाली. भाऊ संतापला, आणि खरे सांगायचे तर त्याची बाजू घेऊन मीही संतापलो.

त्या संतापातच मी त्याच्या घरी जाऊन बॅटरीवरचे लेबल चष्मा लावून वाचले. मोठ्या अक्षरांत १५० होते आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत `C20` असे छापले होते. विक्रीच्या पानावर तीच खूण सहाव्या छायाचित्राच्या कोपऱ्यात होती. माझी तक्रार आहे ती नेमकी इथे. हा आकडा खोटा नाही, पण तो अर्ध्या वाक्यासारखा आहे, आणि उरलेले अर्धे वाक्य ग्राहकाने शोधून काढावे अशी अपेक्षा धरणे मला योग्य वाटत नाही.

ते पूर्ण वाक्य असे आहे. ही बॅटरी २० तासांत रिकामी होईल इतक्या सावकाश वापरली, म्हणजे तिच्यातून साडेसात अँपिअर प्रवाह घेतला, तर ठरावीक तापमानात आणि व्होल्टेज साधारण साडेदहापर्यंत उतरेपर्यंत ती १५० अँपिअर-तास देईल. भावाच्या घरी प्रवाह किती होता, ते पाहू. घरातल्या उपकरणांना ४०० वॅट हवेत, आणि इन्व्हर्टर स्वतःही काही ऊर्जा खातो. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून सुमारे ४७० वॅट घ्यावे लागतात. त्याला १२ने भागले की ३९ अँपिअर येतात. ज्या वेगाने क्षमता मोजली गेली, त्याच्या पाचपटीहून अधिक वेगाने बॅटरी उपसली जात होती.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी ही पाण्याच्या टाकीसारखी नसते. टाकीचा नळ किती मोठा सोडला यावर आतल्या पाण्याचे प्रमाण ठरत नाही, बॅटरीत मात्र ते ठरते. प्लेटच्या बारीक छिद्रांत आम्ल मुरलेले असते. प्रवाह जोरात घेतला की छिद्रांतले आम्ल आधी संपते, बाहेरचे आम्ल आत झिरपायला वेळ लागतो, वरच्या थरावर लेड सल्फेट साचून वाट अरुंद होते आणि आतल्या पदार्थाचा काही भाग न वापरताच व्होल्टेज कोसळते. भावाने मला एक निरीक्षण सांगितले होते, जे मी सुरुवातीला कानाआड केले होते. इन्व्हर्टर बंद पडल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा सुरू केला की तो दहा-बारा मिनिटे चालतो. ती बॅटरी सदोष असल्याची खूण नव्हती; तेवढ्या विश्रांतीत आम्ल आत झिरपले होते, इतकेच.

याचा हिशेब विल्हेल्म प्यूकर्ट या जर्मन संशोधकाने १८९७ साली मांडून ठेवला आहे. सूत्राच्या तपशिलात मी तुम्हाला नेत नाही. अशा बॅटरीसाठी त्याचा घातांक साधारण १.२ धरला, तर ३९ अँपिअरला दीडशेऐवजी सुमारे १०८ अँपिअर-तास हाती येतात आणि वेळ येते पावणेतीन तास. साडेचार नव्हे, पावणेतीन. तीही बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असताना.

याच कारणाने ऑनलाइन दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून किंमत पाहताना फसगत होते. एकीवर १५० सी-२० लिहिलेले असते, दुसरीवर १५० सी-१०. आकडा एकच, पण दुसऱ्या बॅटरीने तेवढी क्षमता १० तासांत, दुप्पट प्रवाहाला देऊन दाखवलेली असते. पहिली बॅटरी त्या कसोटीला लावली तर तिची क्षमता १३०-१३५च्या आसपास भरेल. म्हणून दुसरी महाग असली तर ती महाग असायलाच हवी. पानावर सी-मूल्य लिहिलेलेच नसेल, तर निदान आम्लासह वजन पाहावे. या जातीच्या बॅटरीत क्षमता शिशातून येते आणि शिसे जड असते. तोच आकडा सांगणारी बॅटरी इतरांपेक्षा आठ-दहा किलोंनी हलकी असेल, तर तिला तो आकडा सिद्ध करू द्यावा, मगच विश्वास ठेवावा.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल की हिशेबाने पावणेतीन तास येतात, तर भावाची बॅटरी दोन तासांतच का थकली? माझ्याजवळ मल्टिमीटर होता. इन्व्हर्टर सोडवून, बॅटरीला काही तास विश्रांती देऊन मोजले, तर १२.३ व्होल्ट आले. पूर्ण भरलेली बॅटरी अशा विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ दाखवते, आणि १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. उत्पादनाचा महिना लेबलवर सांकेतिक अक्षरांत होता. तो उलगडला तेव्हा कळले की बॅटरी गोदामात सात महिने उभी होती. पडून असलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी दरमहा थोडी थोडी आपोआप रिकामी होते, आणि तशीच राहिली तर प्लेटवरचे सल्फेट घट्ट होत जाते. जोडणाऱ्याने ती आणली, तारा लावल्या, पंखा फिरवून दाखवला आणि तो निघून गेला. इन्व्हर्टरच्या मागची बॅटरीचा प्रकार निवडण्याची कळ ट्युब्युलरऐवजी सीलबंद बॅटरीच्या जागी होती, म्हणून चार्जिंग रोज अर्धवट थांबत होते. आम्ही कळ बदलली, सलग दोन रात्री चार्जिंग केले आणि पुन्हा त्याच ४०० वॅटवर घड्याळ लावून बसलो. दोन तास चाळीस मिनिटे झाली तेव्हा इन्व्हर्टर थांबला. तंत्रज्ञाचा शेरा बरोबर होता आणि भावाचा अनुभवही खरा होता.

मला वेळेची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे वॉरंटीविषयी मोजकेच बोलतो. बॅकअपचे तास वॉरंटीत बसत नाहीत, वॉरंटी असते ती निर्मितीतल्या दोषाची. '६० महिने' हा आकडा अनेकदा ३६ अधिक २४ असा बनलेला असतो. पहिल्या ३६ महिन्यांत बॅटरी सदोष ठरली तर बदलून मिळते. नंतरच्या २४ महिन्यांत फक्त नव्या बॅटरीवर सूट मिळते, आणि ती बहुधा छापील किमतीवर असते. समजा सूट २५ टक्के आहे आणि तीच बॅटरी ऑनलाइन एरवीच छापील किमतीपेक्षा २५ टक्के स्वस्त विकली जाते, तर त्या दोन वर्षांच्या वॉरंटीचे मोल शून्य झाले. बॅटऱ्यांची तुलना करताना पहिला आकडाच धरावा. बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा नवी वॉरंटी नसते, जुनीचे उरलेले महिनेच मिळतात. बिलावर अनुक्रमांक नसेल, तर बॅटरीवरचा अनुक्रमांक आणि बिल एका छायाचित्रात घेऊन ठेवावे, आणि मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जाते की उत्पादनाच्या, हे मागवण्यापूर्वी लेखी विचारावे. भावाच्या बाबतीत उत्पादनाची तारीख धरली असती, तर सात महिने गोदामातच संपले असते.

जोडणीबाबत शब्द नीट वाचा. 'डिलिव्हरी' म्हणजे पन्नास-साठ किलोंचे खोके दारापर्यंत, कधी फक्त फाटकापर्यंत. 'इन्स्टॉलेशन' कंपनीचा माणूस करणार की विक्रेत्याने ठरवलेला त्रयस्थ, हे पानावर नसेल तर विचारा, कारण अनधिकृत जोडणी हे वॉरंटी नाकारण्याचे कारण ठरू शकते. जो कोणी येईल, त्याच्यासमोर जोडण्यापूर्वी व्होल्टेज मोजून ते बिलाच्या मागे लिहून घ्या. खोके आडवे झाल्याच्या किंवा आम्ल ओघळल्याच्या खुणा दिसल्या तर उघडतानाच छायाचित्रे काढा, कारण परत पाठवण्याची मुदत थोडी असते. बॅटरीची प्रकार-कळ कुठे आहे हे त्याच्याकडून दाखवून घ्या, आणि बॅटरी बंद कपाटात ठेवू देऊ नका, कारण चार्जिंग होताना हायड्रोजन वायू निघतो.

सौर दिव्यांसाठी दोनच मिनिटे उरली आहेत, पण त्यांचा हिशेब तेवढ्यात बसतो. भर उन्हात एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते आणि चांगले पॅनेल त्यातले २० टक्के विजेत बदलते. दिव्यावरचे पॅनेल २० बाय १५ सेंटिमीटरचे असेल, तर ते फार तर ६ वॅटचे झाले. दिवसाकाठी पाच तासांचे पूर्ण ऊन मिळाले तर ३० वॅट-तास, आणि भरताना-काढताना होणारी घट वजा जाता वीसेक हाती लागतात. रात्रीच्या दहा तासांत ते वाटले की सरासरी २ वॅट. त्याच दिव्याच्या खोक्यावर '१०० वॅट' लिहिलेले असेल, तर तो आकडा बाजूला ठेवून पॅनेलची लांबी-रुंदी पाहा, आणि बॅटरीवर नुसते मिलिअँपिअर-तास दिले असतील तर तिचे व्होल्टेज विचारा. ३.२ व्होल्टच्या बॅटरीतले ५००० मिलिअँपिअर-तास म्हणजे १६ वॅट-तास, आणि आपल्या पॅनेलने दिलेले वीस वॅट-तास तिच्यात मावणारसुद्धा नाहीत.