क्लॅशचा तो फोटो, जो फोटोग्राफरलाच नको होता

हा फोटो तुम्ही नक्की कुठेतरी बघितलाय, टीशर्टवर, पोस्टरवर, कुणाच्यातरी डीपीला. एक माणूस पाय फाकवून कमरेत वाकलाय, बेस गिटार मानेकडून दोन्ही हातांनी धरलीय आणि कुऱ्हाडीने ओंडका फोडावा तशी ती खाली आणतोय. चेहरा दिसत नाही. आणि नीट बघा, फोटो चक्क आउट ऑफ फोकस आहे.

सप्टेंबर 1979, न्यूयॉर्कचं पॅलेडियम थिएटर. लंडनचा पंक बँड द क्लॅश अमेरिकेच्या टूरवर होता. वाकलेला माणूस म्हणजे त्यांचा बेसिस्ट पॉल सिमोनन. थिएटरमध्ये फिक्स खुर्च्या, आणि लोक उठून नाचायला लागले की बाउन्सर त्यांना परत खाली बसवत होते. आता पंकचा शो आणि पब्लिक बसून ऐकतंय म्हटल्यावर स्टेजवरच्यांना काय वाटत असेल. सिमोनन तापत गेला आणि शेवटाकडे त्याने चांगली चालू असलेली फेंडर प्रिसिजन बेस स्टेजवर आपटली. नंतर त्याने सांगितलंय की बेसमध्ये काही बिघाड नव्हता, राग त्या सगळ्या माहोलचा होता.

स्टेजच्या कडेला पेनी स्मिथ उभी होती. ती एनएमई या ब्रिटिश म्युझिक साप्ताहिकाची फोटोग्राफर, बँडबरोबर टूर करत होती म्हणून थेट कडेला उभं राहता आलं. हातात पेंटॅक्स, त्याला 35 एमएमची वाइड लेन्स. सिमोनन तिच्याच दिशेने येत होता, ती मागे सरकत सरकत क्लिक करत होती.

फोकस का गेला हे समजून घ्यायला थोडं गणित. स्टेजवर उजेड कमी, त्यामुळे लेन्स बरीच उघडी ठेवावी लागते. समजा 35 एमएम लेन्स एफ 2.8 वर आहे आणि माणूस दीड मीटरवर, तर शार्प दिसणारी जागा जेमतेम 30 सेंटिमीटर. त्या काळात ऑटोफोकस नाही, रिंग हाताने फिरवायची, समोरचा एक पाऊल पुढे आला की तो त्या 30 सेंटिमीटरच्या बाहेर. त्यात लेन्स वाइड, जवळ आलेली गोष्ट एकदम मोठी होते. पण याच वाइड लेन्समुळे पूर्ण शरीर, बेस आणि मागचं स्टेज एका फ्रेममध्ये मावलं. लांबून टेली लेन्सने काढला असता तर कदाचित शार्प आला असता, पण मग एवढा अंगावर आला नसता असं मला वाटतं.

पेनीला हा फोटो बँडच्या 'लंडन कॉलिंग' या अल्बमच्या कव्हरवर नको होता. तिचं म्हणणं साधं, आउट ऑफ फोकस आहे. पण गायक जो स्ट्रमर आणि टूरवर सोबत असलेला कार्टूनिस्ट रे लाउरी, ज्याने कव्हर डिझाइन केलं, हे दोघं हटूनच बसले की हाच फोटो. म्हणजे बघा, बँडची इमेज शटर दाबला तेव्हा नाही, निवडताना ठरली, आणि निवडताना फोटोग्राफरचं मत चक्क हरलं.

लाउरीने अजून एक चावटपणा केला. 1956 च्या एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या अल्बमवर डाव्या बाजूला उभी गुलाबी अक्षरं आणि खाली आडवी हिरवी अक्षरं होती, ती मांडणी त्याने जशीच्या तशी उचलली आणि 'लंडन कॉलिंग' लिहिलं. तिकडे एल्विस गिटार वाजवतोय, इकडे बेस फुटतेय. ज्याला एल्विसचं कव्हर माहितीय त्याला टोमणाही कळतो आणि सलामही.

आता गंमत म्हणजे अल्बम ऐकलात तर त्यात नुसता राग नाहीये. रेगे आहे, स्का आहे, रॉकाबिली आहे, जॅझची झाक आहे. पण कव्हर एकच गोष्ट ओरडून सांगतं, आणि बँड म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर आजही ती फुटणारी बेस येते, गाणी नंतर. 2002 मध्ये क्यू मासिकाने तर हा रॉकमधला सर्वात भारी फोटो ठरवला. सिमोनन म्हणतो की आता बघताना वाटतं, चेहरा थोडा वर केला असता तर बरं झालं असतं. मला विचाराल तर नाही केला तेच बरं. चेहरा दिसला असता तर तो एकट्या पॉलचा फोटो झाला असता.

आणि आज असा फोटो निघाला असता का? बऱ्याच मोठ्या शोमध्ये नियम असतो, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग फोटोग्राफरांनी स्टेजसमोरचा पिट सोडायचा. तीन गाण्यांत कलाकार फ्रेश असतो, मेकअप जागेवर, घामबिम काही नाही, सगळे साधारण सारखेच फोटो घेऊन बाहेर पडतात. सिमोननने बेस आपटली ती शो संपत आलेला असताना, आणि पेनी तेव्हाही कडेला उभी होती कारण तिला कुणी बाहेर काढलं नव्हतं.