टाकीचे दहा हेलकावे

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावहून निपाणीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावागावांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. काही चार-सहा खांबांच्या, तर काही एकाच जाड खांबावर उभ्या. आज मी त्या एकाच खांबावरच्या टाकीविषयी बोलणार आहे. अशी टाकी बाजूने ढकलून सोडली, तर ती एका ठरलेल्या वेळात हेलकावा पुरा करते. ढकलणारा कोणीही असो, ही वेळ टाकीची स्वतःची असते आणि ती दोनच गोष्टींवर ठरते. एक म्हणजे वर किती वजन आहे. दुसरी म्हणजे खालचा खांब किती ताठ आहे. लक्षात ठेवा, वजन आणि ताठपणा.

हिशोब करताना आम्ही सगळं वजन टाकीच्या मध्यावर एका बिंदूत आहे असं धरतो, आणि खांब खाली जमिनीत घट्ट रोवलेला आहे असं मानतो. पुढे हे सोपं आहे. ते सगळं वजन आडवं लावलं तर खांबाचा माथा किती सेंटिमीटर सरकेल ते काढायचं. त्या आकड्याचं वर्गमूळ घेऊन पाचाने भागायचं. जे उत्तर येतं, तितक्या सेकंदांत एक हेलकावा. पुन्हा सांगतो: सेंटिमीटरचं वर्गमूळ, भागिले पाच.

आता वेदगंगेकाठच्या एका गावातली हकीकत सांगतो.

2019 च्या ऑगस्टात महापूर आला आणि त्या गावच्या टाकीच्या बुडाशी कितीतरी दिवस पाणी थांबलं. पूर ओसरला, पण लोकांच्या मनात भीती राहिली. पंचायतीचे वॉटरमन, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते मला म्हणाले, "सर, मी रोज वर चढतोय. टाकी हालतंय. पयलं एवढं नव्हतं." पंचायतीचे विकास अधिकारी, म्हणजे पीडीओसाहेब, त्यांना टाकी पाडायची की ठेवायची ते ठरवायचं होतं. नकाशा मागितला तर तो कोणाकडेच नव्हता. माझं ठाम मत आहे की टाकीला दर दोन वर्षांनी रंग देण्याआधी पंचायतीने तिचा नकाशा लॅमिनेट करून कपाटात ठेवावा. टाकीवर कन्नड-मराठीत लिटर लिहिलेले असतात, पण पाया किती खोल गेलाय ते कुठेच लिहिलेलं नसतं.

मग आम्ही टेप घेऊन मोजमाप केलं. खांब एक मीटर व्यासाचा, भरीव. जमिनीपासून टाकीच्या मध्यापर्यंत 12 मीटर. पाणी 20 हजार लिटर, म्हणजे 20 टन. काँक्रीटचं भांडं 15 टन. खांबाचं वजनही थोडं डुलतं, म्हणून त्याचा तिसरा हिस्सा, 7 टन. भरलेली टाकी 42 टन, रिकामी 22 टन. असा खांब माथ्याला एक टनाचा आडवा जोर दिला तर साडेचार मिलिमीटरांच्या आसपास सरकतो. 42 टनांना झाले 19 सेंटिमीटर. वर्गमूळ काढून पाचाने भागलं, 0.88 सेकंद. रिकामीला 10 सेंटिमीटर, म्हणून 0.64 सेकंद. हे झालं कागदावरचं.

आधी खांबाचं बूड सगळीकडून खरवडून बघितलं. आडवी, गोल फिरणारी भेग असती तर मी कोणालाच वर चढू दिलं नसतं. 2001 च्या भूजच्या भूकंपात पोकळ खांबांवरच्या टाक्यांना बुडाजवळ नेमक्या अशाच भेगा पडल्या होत्या. इथे भेग नव्हती.

टाकी धुवायचा दिवस निवडला, म्हणजे ती आपसूक रिकामी मिळाली. भांड्याच्या बाहेर आलेख कागदाचा तुकडा चिकटवला आणि तीस मीटरांवर थिओडोलाइट, म्हणजे मोजणीची दुर्बीण, मांडून त्याची उभी रेघ कागदावर आणली. गावच्या तालमीतले तीन पैलवान वरच्या गॅलरीत उभे राहिले. त्यांना सांगितलं, उडी मारायची नाही, जोर लावायचा नाही, माझ्या हाकेच्या तालावर फक्त अंग पुढे-मागे करायचं. झोपाळ्याला वेळेवर हात लावला की तो वाढत जातो, तेच इथे होतं. पहिल्यांदा माझी हाक धिमी होती. दुर्बिणीत कागद हललाच नाही. हाक जरा जलद केली आणि रेघेखालचे मिलिमीटरचे चौकोन सरकू लागले. एक, दोन, चार, पाच! मामा खालून ओरडले, "आता थांबा रे!" पैलवान थांबले, टाकी आपल्या तालावर डुलत राहिली आणि मी स्टॉपवॉच दाबलं. दहा हेलकाव्यांना 7.6 सेकंद. म्हणजे एकाला 0.76. कागदाने 0.64 सांगितलं होतं.

मग मोटर लावली. संध्याकाळपर्यंत टाकी भरली, पैलवान पुन्हा वर. दहा हेलकावे, 9.8 सेकंद. एकाला 0.98.

श्रोतेहो, या दोन आकड्यांतून मला दोन वेगळ्या गोष्टी कळल्या.

खांब तोच, म्हणून भरलेली आणि रिकामी यांच्या वेळांची तुलना केली की ताठपणा हिशोबातून निघून जातो आणि वजन तेवढं उरतं. 0.98 भागिले 0.76, त्याचा वर्ग साधारण 1.66. रिकामे 22 टन गुणिले 1.66, म्हणजे साडेछत्तीस. बेचाळीस नव्हे! वीस टन पाण्यातलं सुमारे साडेचौदा टनच टाकीबरोबर जातं. उरलेलं वरचं पाणी आपल्याच संथ लयीत भिंतीवर हिंदकळतं. सगळं वजन एका बिंदूत धरण्याची मर्यादा ही अशी आहे, आणि भारतीय मानकही आता या पाण्याचे दोन भाग वेगळे धरायला सांगतं.

दुसरी गोष्ट ताठपणाची, आणि ती रिकाम्या टाकीवरून कळते, कारण तिथे पाण्याचा घोळ नाही. 0.64 भागिले 0.76, त्याचा वर्ग 0.71. म्हणजे ताठपणा कागदापेक्षा तीस टक्के कमी. भेग तर नाही, मग हा गेला कुठे? पायाच्या चौथऱ्याच्या कडेला बारीक हालचाल मोजणारा डायल गेज टेकवला, त्याचा आधार दूर ठोकलेल्या लोखंडी अँगलवर. पैलवान डुलू लागले तशी कड पाव मिलिमीटरहून थोडी जास्त वर-खाली होऊ लागली. खांब धड होता. पाया काळ्या मातीत कलत होता. खांब घट्ट रोवलेला आहे हे आमचं गृहीतक ओल्या काळ्या मातीत खरं ठरत नाही. हीच टाकी खानापूरच्या जांभ्यावर उभी असती तर कागद आणि घड्याळ जवळ आले असते.

मामांची तक्रार खरी होती. ताठपणा कमी झाल्यावर तोच वारा टाकीला जास्त हलवतो.

टाकी पाडली नाही. बुडाभोवतीचं पाणी काढून देणारी चर खोदली, ओव्हरफ्लोचा पाइप पायाजवळ पडत होता तो लांब नेला. ओव्हरफ्लोचं पाणी वाया घालवणाऱ्या गावांचा मला मनापासून राग येतो, पण तो विषय आज नको. उन्हाळ्यात माती वाळल्यावर रिकाम्या टाकीचे दहा हेलकावे पुन्हा मोजले. 7.1 सेकंद. ताठपणा कागदाच्या ऐंशी टक्क्यांवर आला होता.

मामांनी तो आकडा तारखेसकट पंचायतीच्या वहीत लिहून घेतला. दर पावसाळ्यानंतर, टाकी धुवायच्या दिवशी, इंजिनिअर समोर असताना पुन्हा मोजायचं ठरलं आहे. दहा हेलकाव्यांची वेळ 7.6 च्या पुढे गेली, तर वर कोणी चढायच्या आधी पाया उकरून बघायचा.