तीन मिनिटांत पाच शाखा

मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. उद्या सकाळी आरती झाली की नाश्त्याच्या आधी या संमेलनात आपल्या घराण्याच्या शाखांची ओळख आहे, त्याला तीन मिनिटं दिलीयेत आणि बोलायचंय एकानेच. आज जे बोलतेय ते त्या एकासाठी, आणि खालून "अगं हे पण सांग, ते पण सांग" करणाऱ्या आपल्यासारख्या मोठ्यांसाठीही.

घोळ कुठे होतो बघा. बोलणारा म्हणतो "माझी आत्या". आता ती समोर बसलेल्यांत कोणाची आई, कोणाची आजी, कोणाची जाऊ, मग प्रत्येक जण मनातल्या मनात आपलं नातं लावायला बसतो, शेजारच्याला कोपराने ढोसून "म्हणजे कोणाची गं?" विचारतो आणि तोवर बोलणारा पुढच्या शाखेवर गेलेला असतो. म्हणून स्टेजवरून काका, आत्या, चुलत, मावस हे शब्द काढायचेच नाहीत. सगळी नाती एकाच माणसापासून मोजायची. आपल्याकडे तो माणूस म्हणजे वाईजवळच्या गावातले थोरले बाबा. त्यांना पणजोबा पण म्हणू नका, कारण ते माझे आजोबा, तुमचे पणजोबा आणि त्या धावणाऱ्या पोरांचे खापरपणजोबा. थोरले बाबा म्हटलं की सगळ्यांना चालतं.

त्यांना पाच मुलं. वयाने थोरल्यापासून नंबर द्यायचे, मुलगा-मुलगी वेगळं न करता. अक्का एक, अण्णा दोन, तात्या तीन, माई चार, भाऊ पाच. थोरल्या बाबांची दोन लग्नं झाली हे सगळ्यांना माहितीये, पण "पहिलीची, दुसरीची" करायला गेलात तर मिनिटभर तिथेच जातं आणि दोन-तीन चेहरे पडतात ते वेगळंच. वयाच्या क्रमावर कोणी रुसत नाही.

मग प्रत्येक शाखेला एक गाव जोडायचं. अक्का मिरजेला दिलेली, अण्णा गावातच शेतीवर राहिले, तात्या होळकर संस्थानात नोकरीला म्हणून इंदूरला गेले, माई बडोद्याला, भाऊ मुंबईत गिरणीत. आज तात्यांची नातवंडं पुण्यात असोत नाहीतर टेक्सासला, ओळख इंदूरची शाखा अशीच करून द्यायची.

आता एक शाखा बोलूनच दाखवते. "नंबर एक, अक्का. थोरल्या बाबांची थोरली लेक, मिरजेला दिली. त्यामुळे हिच्या शाखेचं आडनाव वेगळं आहे, पण ही पाहुणे मंडळी नव्हेत, पहिली शाखा आहे. अक्काच्या चार मुलांपैकी धाकटी आज इथे आलीये, ब्याऐंशी वर्षांची आहे, तिने हात वर करावा. मिरजेच्या सगळ्यांनी उभं राहा." झालं, एवढंच! नाव घ्यायचं ते त्या एका ज्येष्ठ माणसाचं, तेही माहेरचं आणि सासरचं दोन्ही, कारण म्हातारी मंडळी तिला माहेरच्या नावाने ओळखतात आणि सुना सासरच्या. बाकीची नावं छातीवरच्या बिल्ल्यावर आहेतच. आणि "उजवीकडे बसलेले" असलं काही म्हणू नका, शाखेप्रमाणे कोणी बसत नाही, सगळे पंख्याखाली बसतात.

वेळेचं गणित सोपंय. निवांत बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात, पण लोक उभं राहायला, साडी सावरून परत बसायला वेळ लागतोच, म्हणून एकूण तीनशेच्या आतच लिहा. थोरल्या बाबांना चाळीस-एक शब्द, प्रत्येक शाखेला पन्नास. टाळ्या फक्त शेवटी, हे आधीच सांगून टाका. कोण डॉक्टर झालं, कोणाचा फ्लॅट कुठे, हे एका शाखेचं सांगितलंत की उरलेल्या चारांचंही सांगावं लागतं.

अण्णांचा मधला मुलगा दत्तक गेला, त्याची माणसं उद्या पहिल्यांदाच येतायत. ती कुठे उभी राहणार? मी म्हणेन दोन नंबरमध्येच, "अण्णांचा मुलगा, दत्तक गेल्यामुळे आडनाव बदललं" एवढं एक वाक्य, पण त्यांना आज रात्रीच फोन करून विचारा, चालेल म्हणाले तरच बोला.

लिहून झालं की घरातल्या सगळ्यात नव्या सुनेला नाहीतर जावयाला वाचून दाखवा, आपल्याला नको, आपल्याला सगळं पाठ आहे. वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवायचा आणि विचारायचं, बडोद्याचे कोणाचे? पटकन "माईचे" आलं तर ठीक. "थांबा हां" म्हणाली तर माईच्या पन्नास शब्दांतून अजून एक नाव काढा आणि परत वाचा.