स्क्रीनवर भाव 100, मग मला महाग का पडलं?

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे: "भाव 100 दिसत होता, मी मार्केट ऑर्डर टाकली, तर 100.60 पर्यंतचे सौदे झाले. ही लबाडी नाही का?"

नाही. तो 100 म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो. होऊन गेला. त्याच भावाला आत्ताही कुणी विकायला उभं आहे, असं तो आकडा सांगत नाही.

घेणारे लावतात तो बिड, विकणारे लावतात तो आस्क. सगळ्यात वरचा बिड आणि सगळ्यात खालचा आस्क यांच्यातलं अंतर म्हणजे स्प्रेड. हे तुम्हाला माहीतच आहे, पुढे जाऊ.

आता हे बुक, म्हणजे थांबलेल्या बिड आणि आस्कची यादी, बघा. बिड: 99.90 ला 200 नग, 99.80 ला 500. आस्क: 100.10 ला 100 नग, 100.20 ला 150, आणि त्यानंतर थेट 100.60 ला 400. तुम्ही 400 नगांची मार्केट ऑर्डर टाकलीत. पहिले 100 मिळाले 100.10 ला, पुढचे 150 मिळाले 100.20 ला, आणि उरलेले 150 घ्यायला ऑर्डर 100.60 वर चढली. सरासरी पडली 100.325. मार्केट ऑर्डर भाव विचारत नाही, नग पुरे होईपर्यंत पायऱ्या चढत जाते.

उलट बाजूनंही तेच. घाबरून लगेच ते 400 मार्केटला विकलेत, तर 200 जातील 99.90 ला आणि 200 जातील 99.80 ला. घेताना 40,130 दिले, विकताना 39,940 आले. बाजार जागचा हलला नाही, तरी 190 गेले, वर शुल्क वेगळं.

मी सुरुवातीला फक्त पहिली पायरी बघायचो. स्प्रेड छोटा दिसला की खूश. पण पहिल्या पायरीवर किती नग आहेत, हे वाचतच नव्हतो. असेच पैसे गेले, तेव्हा नगांचा रकाना बघायला लागलो.

एकानं लिहिलंय, "स्प्रेड एक्सचेंज खातं." कृपया हे पसरवू नका! एक्सचेंजचं शुल्क निराळं. स्प्रेड मिळतो तो बुकात आधीपासून भाव लावून थांबलेल्यांना, आणि बाजार उलटा फिरण्याची जोखीमही तेच घेतात.

मग करायचं काय? तीच ऑर्डर 100.20 ची लिमिट लावून टाका, म्हणजे त्याहून वरच्या भावाला ती घेणारच नाही. 250 नग लगेच मिळतील. उरलेले 150 तुमच्या नावानं 100.20 चा बिड म्हणून बुकात उभे राहतील, आणि सगळ्यात वरचा बिड तुमचाच असेल. आस्क आता 100.60, म्हणजे स्प्रेड 0.40. भाव वर निघून गेला तर ते 150 मिळणारच नाहीत. ती किंमत मला मान्य आहे. तुम्हाला नसेल, तर ऑर्डरचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याआधी नगांचा रकाना पुन्हा वाचा, कारण तिथली आपली ऑर्डर कुणीही केव्हाही मागे घेऊ शकतं.