उपवास आणि क्रिएटिन: एक दिवस चुकला तर काय होतं?

व्यायाम करणाऱ्या आणि उपवासही नेमाने पाळणाऱ्या लोकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. उपवासाच्या दिवशी क्रिएटिन घ्यावं का, आणि वेळ चुकली तर आधी घेतलेलं सगळं वाया जातं का? आज मी फक्त एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे. क्रिएटिन म्हणजे इथे साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट. बाजारात त्याची इतर रूपंही मिळतात, पण बहुतेक संशोधन याच्यावर झालं आहे आणि तेच स्वस्तही आहे.

सुरुवात स्नायूपासून करू. जड वजन उचलताना किंवा जीव तोडून धावताना पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूत क्रिएटिनपासून बनलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते. ते वापरलं जातं आणि दोन सेट्सच्या मधल्या विश्रांतीत पुन्हा तयार होतं. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात एकूण साधारण 120 ग्रॅम क्रिएटिन असतं आणि त्यातलं जवळजवळ 95 टक्के स्नायूंमध्ये असतं. पूरक म्हणून रोज घेत राहिलं की हा साठा वाढत वाढत एका मर्यादेपर्यंत जातो. ती मर्यादा माणसागणिक बदलते. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत तो मुळातच कमी असतो, कारण आहारातलं क्रिएटिन मुख्यतः मांस आणि मासे यांतून येतं. त्यामुळे शाकाहाऱ्याला भरायला जागा जास्त असते.

इथेच चहा-कॉफी आणि क्रिएटिन यांत फरक पडतो. कॅफीन घेतल्यावर तासाभरात त्याचा असर जाणवतो आणि काही तासांत ओसरतो, म्हणून त्याची वेळ महत्त्वाची असते. क्रिएटिनचं तसं नाही. आज सकाळी घेतलेल्या पाच ग्रॅमचा आज संध्याकाळच्या व्यायामाशी फारसा संबंध नसतो. आज उपयोगी पडतो तो गेल्या काही आठवड्यांत जमलेला साठा. तुम्ही उपवासाला बसलात म्हणून तो साठा काही रिकामा होत नाही. पोटात अन्नाचा कण नसला तरी स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन आपलं काम करतच असतं.

आता हिशोब करून पाहू. समजा, सत्तर किलोचा एक माणूस दोन महिने रोज पाच ग्रॅम घेतो आहे आणि त्याचा साठा साधारण 140 ग्रॅमपर्यंत गेला आहे. तो आठवड्यातून एक दिवस निर्जळी उपवास करतो. त्या दिवशी तोंडात काहीच जात नाही, म्हणजे क्रिएटिनही नाही. शरीरातल्या क्रिएटिनपैकी रोज सुमारे 1.7 टक्के आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. 140 चे 1.7 टक्के म्हणजे साधारण 2.4 ग्रॅम. शरीर स्वतःही थोडं क्रिएटिन बनवतं, पण पूरक घेणाऱ्यांत ती निर्मिती मंदावलेली असते, म्हणून ती मोजूच नका. तरी उपवासाच्या रात्री साठा 137 ग्रॅमच्या वर असतो. दुसऱ्या दिवशीपासून नेहमीचे पाच ग्रॅम सुरू झाले की ही तूट दोन-तीन दिवसांत भरून निघते. उचललेल्या वजनात, घड्याळात, आरशात, कुठेही हा फरक दिसणार नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेण्याची गरज नाही. बरेच जण उपवास सोडल्यावर दहा ग्रॅम एकदम घेतात, राहून गेलेलं भरून काढायला. स्नायू जवळजवळ भरलेला असतो, त्यामुळे जास्तीचं बरंचसं लघवीतून निघून जातं, आणि आदल्या दिवशी रिकाम्या असलेल्या पोटाला त्याचा त्रास होतो तो वेगळाच. त्याबद्दल पुढे बोलतो.

महिनाभर चालणाऱ्या उपवासाची गोष्ट मात्र वेगळी आहे. रमजानचे रोजे घ्या. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही नाही आणि असे 29 किंवा 30 दिवस. या काळात कोणी क्रिएटिन पूर्ण बंद ठेवलं, तर पूरक थांबवल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत साठा मूळ पातळीवर येतो हे लक्षात ठेवायला हवं. म्हणजे ईदपर्यंत वाढीव साठ्याचा मोठा भाग ओसरलेला असेल. म्हणून एक दिवसाच्या उपवासात सोडून देणं आणि महिनाभराच्या उपवासात सोडून देणं या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलू नयेत. पहिल्यात बेफिकीर राहा. दुसऱ्यात रोज सूर्यास्तानंतर तीन ते पाच ग्रॅम चालू ठेवा.

याच संदर्भात लोडिंगबद्दल सांगतो. रोज वीस ग्रॅम, चार भागांत, पाच ते सात दिवस, ही पद्धत तुम्ही ऐकली असेल. उपवासाच्या काळात ती करू नका. खाण्याची वेळ सहा-आठ तासांवर आली की पाच ग्रॅमचे चार डोस एकमेकांना खेटून येतात. तिची गरजही नाही. रोज तीन ग्रॅम घेऊन अठ्ठावीस दिवसांत स्नायूतली पातळी जवळपास तिथेच पोचते, हे 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. रोज्यांच्या महिन्यात पूर्ण साठ्यानिशी शिरायचं असेल तर आधीच्या महिन्यात सुरुवात करावी. पहिल्या रोज्याला सुरू केलं तर साठा भरेपर्यंत महिना संपलेला असेल.

आता येतो तो वेळेचा भाग, आणि माझ्या मते लोक इथे चुकीच्या जागी बघतात. व्यायामाआधी की नंतर, जेवणासोबत की रिकाम्या पोटी, याची चर्चा स्नायूच्या बाजूने होते. इन्शुलिन वाढलं की स्नायू जास्त क्रिएटिन ओढून घेतो हे खरं आहे. पण ज्या प्रसिद्ध प्रयोगात हे दिसलं, त्यात प्रत्येक पाच ग्रॅमसोबत नव्वद ग्रॅमहून जास्त साखर दिली होती, तीही दिवसातून चारदा. रोज साडेतीनशे ग्रॅमहून जास्त साखर खाऊन कोणी क्रिएटिन घेणार नाही. शिवाय तो फायदा साठा झपाट्याने भरण्यातला आहे, आणि चार आठवडे रोज घेत राहिलं तरी साठा भरतोच. व्यायामानंतर घेतलेलं थोडं सरस ठरतं, असा निष्कर्ष एका छोट्या अभ्यासातून काढला गेला. त्यात अवघे 19 जण होते आणि फरकही किरकोळ होता. तेवढ्यासाठी कोणी आपला उपवास वाकवू नये असं मला मनापासून वाटतं.

वेळ बघायची ती पोटासाठी. क्रिएटिन पाण्यात सहज विरघळत नाही. साध्या पाण्यात, म्हणजे वीस अंश सेल्सिअसला, एका लिटरमध्ये साधारण चौदा ग्रॅमच विरघळतं. म्हणजे पाच ग्रॅमला साडेतीनशे मिलिलिटर पाणी हवं. फ्रिजच्या पाण्यात ते निम्म्याहूनही कमी विरघळतं, तर कोमट पाण्यात खूपच जास्त. पेला हलवून ठेवला आणि मिनिटभराने तळाशी रेतीसारखा पांढरा थर बसलेला दिसला, तर तेवढं विरघळलेलं नाही. ती रेती पोटात गेली की आतड्यात पाणी खेचते. मग पोट गुडगुडतं, कधी जुलाब होतात. दहा ग्रॅम एकदम घेणाऱ्यांत जुलाबाची तक्रार पाच ग्रॅमच्या दोन डोसांपेक्षा जास्त आढळली आहे.

आता पहाटेचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. सेहरीची वेळ संपत आली आहे, माणूस घाईत आहे, दोन घोट पाण्यात चमचाभर पावडर ढवळून गिळतो. तासाभराने जुलाब झाले तर गेलेलं पाणी सूर्यास्तापर्यंत भरून काढायची सोय नाही. म्हणून पाण्याविना राहण्याच्या उपवासात माझा सल्ला स्पष्ट आहे. क्रिएटिन संध्याकाळी उपवास सोडल्यावर, जेवणासोबत किंवा नंतर, कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या, आणि पुढचे काही तास पाणी पीत राहा. पहाटेच घ्यायचं असेल तर तीन ग्रॅम आणि पेलाभर पाणी, घाई न करता. क्रिएटिन घेतल्याने शरीर कोरडं पडतं किंवा पेटके येतात या समजुतीला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. अडचण येते ती पोट बिघडलं तर.

मध्येच एका ताईंनी विचारलं आहे की पाणी चालतं अशा उपवासात क्रिएटिन घेतलं तर उपवास मोडतो का. याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. इंटरमिटंट फास्टिंग करणारी व्यक्ती वजन किंवा साखर आटोक्यात ठेवण्यासाठी उपाशी राहते. बिनस्वादाचं क्रिएटिन पाण्यात घेतल्याने तिच्या रक्तातलं इन्शुलिन लक्षणीय वाढत नाही आणि ऊर्जेच्या हिशोबात ते नगण्य आहे. सोळा तासांच्या उपाशी काळात घेतलं तरी तिचा हेतू ढळत नाही. मात्र डब्यावर नीट वाचा, कारण स्वाद घातलेल्या पावडरींत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असू शकतं, आणि मग तो खाण्याचाच प्रकार झाला. पोट नाजूक असेल तर खाण्याच्या वेळेतल्या मोठ्या जेवणासोबत घ्या, त्याने काही बिघडत नाही.

धार्मिक उपवासाचं उत्तर मात्र शरीरशास्त्र देऊ शकत नाही. तिथे प्रश्न नियमाचा आणि संकल्पाचा असतो, कॅलरींचा नसतो. ज्या उपवासात फक्त पाणी चालतं, त्यात पावडर घातलेलं पाणी चालतं का, हे तुमच्या परंपरेतल्या जाणत्या माणसाला विचारा. मी तुम्हाला इतकंच खात्रीने सांगू शकतो की त्या दिवशी न घेतल्याने तुमचं शारीरिक नुकसान होत नाही, त्यामुळे नियमाशी तडजोड करण्याचं कारणच उरत नाही. पावडर कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड यांपासून बनते, प्राण्यापासून नाही. कॅप्सूलचं आवरण मात्र जिलेटिनचं असू शकतं, आणि जिलेटिन प्राणिज असतं. शाकाहार पाळणाऱ्यांनी म्हणून पावडरच घ्यावी.

शेवटचा मुद्दा रक्ततपासणीचा, कारण उपवासाच्या दिवसांत हटकून एखादी तपासणी ठरलेली असते. क्रिएटिन घेणाऱ्याचं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, कारण ते त्याच्यापासूनच तयार होतं. त्यात दिवसभर पाणी न प्यायलेल्या अवस्थेत नमुना दिला तर आकडा आणखी वर जाऊ शकतो, आणि मूत्रपिंड बिघडल्याची शंका येते. डॉक्टरांना आधीच सांगा की मी क्रिएटिन घेतो आणि काल निर्जळी होतो. गरज वाटल्यास ते सिस्टाटिन-सी ही तपासणी करून बघतील, तिच्यावर क्रिएटिनचा तसा परिणाम होत नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आधीपासून आहे, त्यांनी मात्र क्रिएटिन आणि निर्जळी उपवास या दोन्हींबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीही सुरू करू नये.